‘ठेव सुरक्षित आहे’ असे लिहिणाऱ्याने काय पाहिले?

आरोग्य आणि पैसा या दोन विषयांवरील चुकीच्या लेखाची किंमत लिहिणाऱ्याला नव्हे तर वाचणाऱ्याला मोजावी लागते, आणि म्हणूनच गूगलने आपल्या शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या परीक्षकांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत अशा विषयांना ‘तुमचा पैसा किंवा तुमचे आयुष्य’ असे वेगळे नाव देऊन त्यांच्यासाठी अधिक कडक कसोट्या ठेवल्या आहेत. त्या कसोट्या पूर्वी तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता अशा तीन होत्या. डिसेंबर 2022 मध्ये त्यांत ‘अनुभव’ ही चौथी कसोटी आली, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः वापरली, भोगली किंवा हाताळली आहे काय, हा प्रश्न. परीक्षकांच्या गुणांनी एखाद्या लेखाचा क्रम थेट वर-खाली होत नाही, पण वाचकाने लेखाकडे कसे पाहावे याचा नमुना म्हणून ही कसोटी उपयोगी आहे. अडचण इतकीच, की अनुभव असल्याचे सांगणे आणि अनुभव दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखाच्या तळाशी छापलेल्या ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ या ओळीवरून तो अनुभव नेमका कशाचा, हे कळत नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी नाशिकमधील एक प्रकरण सोयीचे आहे. 10 फेब्रुवारी 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने नाशिकच्या इंडिपेन्डन्स को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि बँकेची रोखतेची स्थिती पाहता ठेवीदारांना खात्यातून पैसे काढण्यास मनाई केली; पुढे 3 फेब्रुवारी 2022 रोजी बँकेचा परवानाच रद्द झाला. निर्बंध जाहीर करतानाच रिझर्व्ह बँकेने सांगितले होते, की 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्याचे पूर्ण संरक्षण आहे. ठेव विमा म्हणजे बँक बुडाल्यास किंवा व्यवहार थांबल्यास ‘ठेव विमा आणि पत हमी महामंडळ’ ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत देत असलेली रक्कम होय. ही मर्यादा 1993 पासून एक लाख रुपये होती आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख झाली.

आता या बातमीवर ‘घाबरू नका, 99 टक्के पैसे सुरक्षित आहेत’ असा लेख लिहिला गेला, तर तो लिहिणाऱ्याने आकडा वाचला आहे पण विषय हाताळलेला नाही, हे एका शब्दावरून उघड होते. जाहीर झालेली टक्केवारी ठेवीदारांची होती, ठेवींची नव्हती. शंभरपैकी नव्व्याण्णव खात्यांत थोडथोडी रक्कम असू शकते आणि उरलेल्या एकाच खातेदाराची ठेव मर्यादेच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. तेव्हा वाचकाला टक्केवारीपेक्षा स्वतःच्या पावतीवरचा हिशोब हवा असतो, आणि तो करून दाखवणे हेच येथे अनुभवाचे पहिले लक्षण ठरते.

असा हिशोब एकदा करून पाहता येतो. एखाद्या ठेवीदाराने 4,80,000 रुपये वार्षिक सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने एका वर्षासाठी ठेवले आणि मुदत भरण्याच्या दिवशीच निर्बंध आले, तर मुद्दल व व्याज मिळून रक्कम सुमारे 5,14,492 रुपये होते. मर्यादा मोजताना मुद्दलाबरोबर त्या दिवसापर्यंतचे व्याजही धरले जात असल्याने 14,492 रुपये विम्याच्या बाहेर पडतात. शिवाय एकाच बँकेच्या दोन शाखांतील ठेवी वेगवेगळ्या मोजल्या जात नाहीत, कारण एका बँकेतील सर्व शाखांची त्याच नावाची, त्याच अधिकारातील रक्कम एकत्र केली जाते. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात मात्र नावांचा क्रम बदलला की ते वेगळ्या अधिकारातील खाते ठरते आणि त्याला स्वतंत्र मर्यादा मिळते. ठेवीदाराने त्याच बँकेचे कर्ज घेतले असेल तर बँक ते आधी वळते करून घेऊ शकते, आणि विमा उरलेल्या रकमेवर मिळतो. ‘पाच लाखांपर्यंत सुरक्षित’ या तीन शब्दांत यांतले काहीच येत नाही, तरी बहुतेक लेख तेथेच थांबतात.

कायदा वाचलेल्या लेखकाला आणि प्रकरण पाहिलेल्या लेखकाला ओळखण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे मुदत. ठेव विमा कायद्यात 2021 साली कलम 18अ आले, ज्यानुसार निर्बंध लागल्यावर बँकेने 45 दिवसांत ठेवीदारांचे दावे महामंडळाकडे पाठवायचे, महामंडळाने 30 दिवसांत ते तपासून ठेवीदाराची संमती घ्यायची आणि पुढील 15 दिवसांत पैसे द्यायचे. बेरीज नव्वद होते, म्हणून ‘नव्वद दिवसांत पैसे मिळतात’ असे लिहिणे कायद्याने बरोबर आहे. परंतु हे कलम 1 सप्टेंबर 2021 रोजी अमलात आले आणि आधीच निर्बंधाखाली असलेल्या बँकांसाठी नव्वद दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू झाली. म्हणजे फेब्रुवारीत पैसे अडकलेल्या नाशिककर ठेवीदाराला प्रत्यक्षात नोव्हेंबरअखेरपर्यंत, नऊ महिन्यांहून अधिक काळ वाट पाहावी लागणार होती. संमतीचा अर्ज आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील वेळेत दिला नाही, तर नव्वद दिवसांचा आकडा त्या ठेवीदाराच्या उपयोगी पडत नाही, हेही प्रकरण पाहिलेल्या लेखकाच्याच लेखात सापडते.

मात्र अनुभवालाही मर्यादा आहे, आणि प्रामाणिक लेख ती लपवत नाही. ज्याला पैसे परत मिळाले तो अर्ज कसा भरला, कोणत्या कागदावर अडले आणि किती दिवस लागले हे सांगू शकतो, पण ‘मिळतातच’ असे सांगण्याचा अधिकार त्याला एका खात्यावरून येत नाही. त्यासाठी कलम आणि त्याची अंमलाची तारीख लागते. आरोग्यात हा भेद अधिक तीव्र असतो: इन्सुलिन घेणारा रुग्ण साखर अचानक उतरली की काय वाटते ते डॉक्टरपेक्षा नेमके सांगेल, तरी मात्रा किती असावी हे त्याने लिहू नये, आणि त्याच्या लेखाशेजारी मात्रेचा भाग नोंदणीकृत डॉक्टरने तपासला असल्यास तसे नाव व नोंदणी क्रमांकासह लिहावे. चांगल्या लेखात या दोन वाणी वेगळ्या ऐकू येतात.

फसवा अनुभव ओळखणे त्यामानाने सोपे आहे. लेखावर कालची तारीख आणि आत अजून एक लाखाची मर्यादा असेल, तर फक्त तारीख बदलली आहे. पावतीचे छायाचित्र आहे पण ठेवीचा दिनांक, दर आणि मुदत मजकुरात कुठेही वापरलेली नाही, तर ते छायाचित्र शोभेचे आहे. ज्या संस्थेत ठेवी ठेवण्याचा सल्ला दिला आहे, तिच्याकडून लेखकाला कमिशन मिळते काय, हे तर पहिल्याच परिच्छेदात हवे. दैनंदिन बचत गोळा करणाऱ्या प्रतिनिधीला संस्थेची माहिती भरपूर असते, पण त्याच्या सल्ल्यात त्याचा हिस्सा आहे हे वाचकाला ठाऊक असायला हवे.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्रातील वाचकाला सर्वाधिक लागू आहे, आणि नेमका तोच बहुतेक लेखांत वगळला जातो. सहकारी बँकेतील ठेवींना महामंडळाचा विमा आहे, सहकारी पतसंस्थेतील ठेवींना नाही, कारण पतसंस्था ही सहकार कायद्याखालील संस्था असली तरी रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नसते. ‘सहकारी’ हा शब्द दोन्ही पाट्यांवर असतो. ज्या लेखकाने स्वतः ठेव ठेवताना हा फरक विचारला आहे, तो वाचकाला महामंडळाच्या संकेतस्थळावरील विमाधारक बँकांच्या यादीत आपल्या संस्थेचे नाव शोधायला सांगतो, आणि पतसंस्थेचे नाव तेथे सापडणार नाही हेही आधीच सांगून ठेवतो.