कंपनीचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आणि त्यावरील पडदा

मराठी व्यवहारात जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर ‘अमुक आणि मंडळी’ असे लिहिलेले आढळते. ‘मंडळी’ या शब्दाने एकत्र आलेल्या माणसांचा बोध होतो. भागीदारीच्या पेढीला हा शब्द चपखल लागू पडतो, कारण पेढी म्हणजे तिच्या भागीदारांनाच एकत्रितपणे दिलेले नाव होय. नोंदणी झालेल्या कंपनीला मात्र तो लागू पडत नाही. तेथे माणसे एकत्र येतात खरी. पण त्यांच्या एकत्र येण्यातून कायदा एक निराळीच व्यक्ती निर्माण करतो. मालमत्ता तिची, कर्ज तिचे, खटला चालतो तो तिच्याच नावाने. या निराळेपणालाच ‘स्वतंत्र व्यक्तिमत्त्व’ म्हणतात, आणि क्वचित प्रसंगी न्यायालय ते बाजूला सारून मागील माणसांकडे पाहते, तेव्हा ‘कंपनीचा पडदा दूर केला’ असे म्हणण्याची पद्धत आहे.

या तत्त्वाचा पाया सॅलोमन खटल्यात (१८९७) घातला गेला. ॲरन सॅलोमन हा लंडनमधील बूट तयार करणारा व्यापारी. त्याने १८९२ मध्ये आपला धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. कंपनीच्या २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे स्वतःचे होते. उरलेले सहा पत्नी, मुलगी व चार मुलगे यांच्याकडे एकेक असे होते. विक्रीच्या किमतीपोटी त्याला १०,००० पौंडांचे तारणयुक्त कर्जरोखेही मिळाले. पुढे थोड्याच काळात कंपनी बुडाली. कर्जरोख्यांची रक्कम चुकती केल्यावर तारणाविना उधारी देणाऱ्यांसाठी काहीच उरत नव्हते. खालच्या दोन्ही न्यायालयांना हा प्रकार रुचला नाही. एकाने कंपनीला सॅलोमनची मुखत्यार ठरविले, तर दुसऱ्याने विश्वस्त. हाउस ऑफ लॉर्ड्सने दोन्ही मते फेटाळली. कंपनी कायद्याने ठरविलेल्या रीतीने स्थापन झाली असेल, तर सर्व भाग वस्तुतः एकाच्या हाती असले तरी ती त्याच्याहून निराळीच राहते, असा निर्णय एकमताने झाला.

हा निर्णय केवळ भागधारकाच्या सोयीचा आहे, असे समजणे बरोबर नव्हे. निराळेपणाची भिंत दोन्ही बाजूंनी उभी असते. कंपनीच्या धनकोला भागधारकाच्या घरावर हात टाकता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण भागधारकाच्या खाजगी धनकोलाही कंपनीच्या यंत्रसामग्रीवर जप्ती आणता येत नाही. त्याला फार तर त्याचे भाग जप्त करता येतात. त्यामुळे कंपनीला उधारी देणाऱ्याला तिच्या शेकडो भागधारकांच्या घरची परिस्थिती तपासावी लागत नाही. एकट्या कंपनीचा ताळेबंद पाहिला म्हणजे पुरते.

या भिंतीची दुसरी बाजू भागधारकालाही कशी बांधते, हे मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या बाचा गुझदर खटल्यात (१९५४) दिसून आले. या बाईंना दोन चहा-कंपन्यांकडून २,७५० रुपये लाभांश मिळाला होता. चहा पिकवून व तयार करून विकण्यापासून होणाऱ्या उत्पन्नापैकी ६० टक्के भाग शेतीचा धरून त्यावर प्राप्तिकर बसत नसे. ४० टक्क्यांवरच बसे. बाईंचे म्हणणे असे की, लाभांश त्याच उत्पन्नातून आला असल्यामुळे त्यातील ६० टक्के, म्हणजे १,६५० रुपये, करमुक्त असले पाहिजेत. वरवर पाहता हे म्हणणे सरळ वाटते. परंतु ते मान्य करावयाचे तर कंपनी मध्ये नाहीच असे धरून भागधारकाला थेट मळ्याच्या जमिनीशी जोडावे लागेल. न्यायालयाने त्यास नकार दिला. जमीन कंपनीची, भागधारकाला तिच्यात काही हक्क नाही. लाभांश जाहीर झाल्यास तो मिळणे व कंपनी गुंडाळल्यावर काही उरल्यास त्यात वाटा मिळणे, एवढेच त्याचे हक्क. लाभांशाचा उगम भागांत आहे, जमिनीत नाही.

यापूर्वी १९२७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे प्रकरण आले होते, तेथे निर्णय उलट झाला. पेटिट यांना लाभांश व व्याज यांचे मोठे उत्पन्न होते, आणि व्यक्तीच्या उत्पन्नावरील अधिकर चढत्या दराने वाढत जाई. त्यांनी चार खाजगी कंपन्या काढल्या आणि आपल्या गुंतवणुकीचा एकेक गट प्रत्येकीचा असल्याचे दाखवून तो तिच्या वतीने आपण धारण करीत असल्याचा करार केला. येणारे उत्पन्न कंपनीच्या खात्यावर जमा होई आणि तेथून ‘कर्ज’ म्हणून पुन्हा पेटिट यांच्याकडेच येई. न्यायालयाने असे ठरविले की, कंपनी दुसरा कोणताही व्यवसाय करीत नव्हती. कर चुकविण्यासाठी उत्पन्न नावापुरते घ्यावयाचे आणि दिखाऊ कर्जाच्या रूपाने परत द्यावयाचे, एवढ्यासाठीच तिचा जन्म होता. म्हणून उत्पन्न पेटिट यांचेच मानले गेले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे भेद कोठे आहे ते स्पष्ट होते. एकाच माणसाचे नियंत्रण हा भेद नव्हे. ते सॅलोमनकडेही होते. त्याची कंपनी खरोखर बूट विकत होती, उधारी घेत होती आणि बुडतही होती. पेटिट यांच्या कंपन्यांना स्वतःचा उद्योग नव्हता आणि पैसा जेथून निघे तेथेच परतत होता. शिवाय गुझदर प्रकरणात पडदा दूर करावा अशी मागणी भागधारकाचीच होती. ज्याने कंपनीचे रूप आपल्या लाभासाठी स्वीकारले, त्याला ते अडचणीचे झाले म्हणजे टाकून देता येत नाही.

एस्कॉर्ट्स खटल्यात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने मान्य आधारांचा निर्देश केला: कायद्यानेच तशी तरतूद केली असेल, कपट वा अनुचित वर्तन रोखावयाचे असेल, कराचा वा लोकहिताचा कायदा चुकविला जात असेल, किंवा संलग्न कंपन्या इतक्या गुंतलेल्या असतील की वस्तुतः त्या एकच उद्योग ठरतात. पहिल्या आधाराचे उदाहरण म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याचे ३३९ वे कलम. कंपनी गुंडाळली जात असता धनकोंना फसविण्याच्या हेतूने धंदा चालविल्याचे आढळले, तर जाणूनबुजून त्यात सहभागी झालेल्यांना व्यक्तिशः जबाबदार धरता येते.

शेवटचा आधार सर्वांत सैल असल्यामुळे त्याचा मोहही मोठा असतो. बलवंत राय सलुजा खटल्यात (२०१४) एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगारांनी आपण एअर इंडियाचेच नोकर आहोत असा दावा केला. उपाहारगृह चालविणारी कंपनी पूर्णतः एअर इंडियाच्या मालकीची होती. तरीही दावा फेटाळला गेला. जबाबदारी टाळण्यासाठी मुद्दाम उभे केलेले ते सोंग होते, असे सिद्ध झाले नव्हते. संपूर्ण मालकी आणि पडद्यामागील कपट या दोन निराळ्या गोष्टी होत, आणि त्या भेदाची किंमत येथे कामगारांना मोजावी लागली.

पडद्याचे रूपक येथेच फसवे ठरते. ‘पडदा दूर करणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन निराळ्या क्रिया येतात, हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात प्रेस्ट खटल्यात (२०१३) न्यायमूर्ती संप्शन यांनी दाखविले. पडद्यामागे खरा मालक कोण हे शोधणे ही एक. कंपनी निराळी आहे हेच नाकारणे ही दुसरी. त्या खटल्यात पतीच्या कंपन्यांच्या नावावरील सात मिळकती पत्नीला मिळाल्या, पण कंपनीचे व्यक्तिमत्त्व न नाकारता. कंपन्या त्या पतीसाठी विश्वस्त म्हणून धारण करीत होत्या, एवढेच पुरेसे ठरले. म्हणून एखाद्या निर्णयात हा शब्दप्रयोग दिसताच प्रथम हे पाहावे की, न्यायालयाने पडद्यामागे केवळ पाहिले, की पडदाच नाही असे मानले. पहिल्या क्रियेने कंपनी शाबूत राहते. दुसरीने कंपनीचे निराळेपण त्या व्यवहारापुरते लोपते, आणि म्हणूनच तिचा आधार अत्यंत मर्यादित असतो.