फोड घालवायचा, गोंदण राखायचं: व्हिडिओतल्या चेहऱ्यावरचे डाग

आज आपण एकाच शॉटबद्दल बोलणार आहोत. चौदा सेकंदांचा शॉट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३५० फ्रेम. सत्तरीच्या एक आजी जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलताहेत. शूटिंगच्या दिवशी नेमका त्यांच्या डाव्या गालावर फोड आला होता. कॅमेरा लावताना त्या आम्हाला म्हणाल्या, "बाळांनो, हा फोड तेवढा दिसू देऊ नका हं." आम्ही हो म्हणालो.

पहिल्या वेळी आम्ही जे केलं, ते बहुतेक जण करतात. सगळ्या चेहऱ्यावर एक मोठा मास्क टाकला आणि मधल्या तपशिलाचा स्लायडर खाली ओढला. फोड पुसट झाला, चेहरा स्वच्छ दिसू लागला, आम्ही खूश. आजींना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं गोंदण कुठं गेलं?" कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण अगदीच गेलं नव्हतं, पण धुतल्यासारखं फिकं पडलं होतं. लहानपणी टोचून घेतलेलं, साठ-पासष्ट वर्षं चेहऱ्यावर असलेलं, आणि आम्ही एका स्लायडरने ते घालवलं होतं.

असं का झालं, हे कळलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. म्हणून आधी थोडं मोजमाप करू.

फ्रेम १९२० बाय १०८० ची आहे. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहरा साधारण ५४० पिक्सेल उंच आहे. प्रत्यक्षात तेवढं अंतर धरा अठरा सेंटिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरला तीन पिक्सेल. आता फोड साधारण चार मिलिमीटरचा, म्हणजे बारा पिक्सेलचा. त्याच्याभोवतीची लाली नऊ मिलिमीटरची, म्हणजे सत्तावीस पिक्सेलची. त्वचेवरचं एकेक रंध्र तर एका पिक्सेलपेक्षाही लहान असतं. आपल्याला जो 'पोत' दिसतो तो रंध्रांच्या पुंजक्यांचा, बारीक रेघांचा आणि कॅमेऱ्याच्या ग्रेनचा मिळून होतो, आणि तो दोन-तीन पिक्सेलच्या मापाचा असतो. गोंदणाची रेघ दीड-दोन मिलिमीटरची, म्हणजे पाच-सहा पिक्सेल. म्हणजे गोंदण पोतापेक्षा मोठं आणि लालीपेक्षा बरंच लहान, फोडाच्याच गल्लीत राहणारं.

चित्राचे असे मापांप्रमाणे थर पाडण्याची कल्पना जुनी आहे. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेल्सन यांनी १९८३ मध्ये ती नीट मांडली. आपल्याला तीनच थर पुरतात. चित्र एकदा थोडं ब्लर करायचं, एकदा जास्त. दोन ब्लरमधला जो फरक, तो मधला थर:

```
fine = image - blur(image, 2)
mid  = blur(image, 2) - blur(image, 10)
low  = blur(image, 10)
out  = image - mask * 0.6 * mid
```

पहिल्या तीन ओळींची बेरीज केली की मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळतं, बघा करून. चौथ्या ओळीत आपण मूळ चित्रातून मधल्या थराचा साठ टक्के भाग वजा करतोय, आणि तोही फक्त मास्कच्या आत. बारीक थराला, म्हणजे पोताला, हातच लावलेला नाही. ग्रेनही बारीक थरातच राहतो, त्यामुळे तो दर फ्रेमला हलत राहतो. हा फायदा मोठा आहे. शेजारच्या चांगल्या त्वचेचा एकाच फ्रेममधला तुकडा कापून फोडावर चिकटवला, तर त्या तुकड्यातला ग्रेन गोठतो आणि गालावर चिकटपट्टी लावल्यासारखं दिसतं. एका थांबलेल्या फ्रेममध्ये ते लक्षात येत नाही, व्हिडिओ चालू केला की लगेच येतं.

इथे एक तांत्रिक खड्डा आहे. मधल्या थरात शून्याच्या वरचे आकडे असतात तसे खालचेही असतात: फोडाची चकाकी वर, त्याची सावली खाली. प्रोजेक्ट ८ बिटमध्ये असेल तर खालचे आकडे शून्यावर कापले जातात. मग चकाकी जाते आणि सावली तशीच उरते. फोडाच्या जागी खळगा दिसायला लागतो. असं दिसलं तर मास्कशी झटापट करू नका, प्रोजेक्ट ३२ बिट फ्लोटवर न्या. आणि वरचे २ आणि १० हे आकडे जसेच्या तसे स्लायडरवर टाकू नका, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ब्लरचं माप वेगळं असतं. मधला थर एकटा पडद्यावर आणा. त्यात फोड ठळक आणि रंध्रं जवळजवळ गायब, असं दिसलं की माप बरोबर.

आता गोंदणाचं कोडं सुटतं. या गणिताला फक्त माप कळतं. बारा पिक्सेलचा फोड आणि सहा पिक्सेलची गोंदणाची रेघ, दोन्ही मधल्याच थरात. सुरकुत्या तिथेच, देवीचे व्रणही तिथेच. कोणतं नको आणि कोणतं हवं, हे ब्लर सांगू शकत नाही. ते फक्त मास्क सांगतो. म्हणून मास्क चेहऱ्याएवढा नको, फोडाएवढा हवा.

आमचा मास्क चाळीस पिक्सेल रुंदीचा होता, कडेला पंधरा पिक्सेलची मऊ उतरण. पण एवढा लहान मास्क ३५० फ्रेम गालावर टिकवायचा कसा? फोडालाच ट्रॅक करायला सांगितलं तर तो घसरतो, कारण गाल गुळगुळीत असतो आणि ट्रॅकरला धरायला काही सापडत नाही. शिवाय ज्या खुणेला धरायचं तीच आपण पुसायला निघालोय. तेव्हा ट्रॅक एका आकाराचा आणि मास्क दुसऱ्या आकाराचा, अशी विभागणी करायची. आम्ही मोका वापरतो. डोळ्याखालची हाडाची कड, नाकाची डावी बाजू आणि गालाचा वरचा भाग एवढं मोठं क्षेत्र आखलं आणि ते ट्रॅक केलं. ओठ मुद्दाम बाहेर ठेवले, कारण बोलताना ते वेगळ्याच दिशेने जातात आणि ट्रॅकला ओढून नेतात. Perspective बंद ठेवलं. चेहरा सपाट पाटी नाही, ते चालू असलं की आकार वेडावाकडा ताणला जातो. मग फोडाभोवती लहान आकार काढला, त्याचं स्वतःचं ट्रॅकिंग बंद केलं आणि Link to Track मध्ये मोठ्या क्षेत्राचं नाव दिलं.

सुरुवात शॉटच्या पहिल्या फ्रेमपासून करायची गरज नाही. जिथे चेहरा समोर आणि स्वच्छ आहे ती फ्रेम निवडा, तिथून पुढे आणि मग मागे ट्रॅक करा. आमच्या शॉटमध्ये ती १४० वी फ्रेम होती. २९० च्या सुमारास आजी उजवीकडे कोणाला तरी काही सांगायला मान वळवतात आणि गाल कडेला जातो. तिथे ट्रॅक कितीही दुरुस्त केला तरी खोटाच राहतो. आम्ही आठ फ्रेममध्ये मास्कचा जोर शून्यावर आणला आणि मान परत आल्यावर तेवढ्याच सावकाश वर नेला. वळलेल्या चेहऱ्यावरचा फोड कोणी बघत नाही. घसरणारा मास्क मात्र सगळ्यांना दिसतो. काय खटकतंय ते सांगता येत नाही, इतकंच.

उरली लाली. ती सत्तावीस पिक्सेलची असल्यामुळे तिचा बराच भाग खालच्या थरात राहतो, मधला थर वजा करून ती पूर्ण जात नाही. लोक मग ब्लर वाढवत नेतात आणि गाल मेणाचा होतो. लालीसाठी ब्लर नकोच, तो रंगाचा प्रश्न आहे. आम्ही पिक्सेलचे आकडे वाचले. शेजारची त्वचा लाल १५०, हिरवा १०८, निळा ८६. लालीची जागा १५२, ९४, ८०. गंमत बघा, लाल जवळजवळ तेवढाच आहे, कमी झालाय तो हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जास्त शोषून घेतं, म्हणून असं होतं. तेव्हा लाल कमी करायला जाऊ नका, त्याने राखाडी ठिपका उरतो. हिरवा वाढवा. १०८ भागिले ९४, साधारण पंधरा टक्के. आम्ही बाराच टक्के वाढवला आणि निळा सहा टक्के. हे गुणाकाराने करायचं, बेरजेने नाही. आजी खिडकीकडे झुकल्या की गालावर प्रकाश वाढतो. गुणाकार त्या प्रकाशाबरोबर वरखाली होतो, बेरीज होत नाही आणि सावलीत हिरवट डाग दिसतो. या कामाला मास्क जरा मोठा लागतो, सत्तर पिक्सेल, पण ट्रॅक तोच.

फोड नाकपुडीच्या अगदी कडेला असता तर हे सगळं चाललं नसतं. मोठा ब्लर नाकपुडीचा काळोख गालावर ओढून आणतो आणि वजाबाकी केल्यावर गालाच्या कडेला काळपट डाग उमटतो. ओठ, भुवई, दाढीचे खुंट यांच्याजवळही तेच. तिथे फक्त रंगाची दुरुस्ती करून थांबावं, उंचवटा राहू द्यावा, असं आमचं मत आहे.

तपासणी दोन प्रकारे करतो. एक, फ्रेम दोनशे टक्के मोठी करून गालावरच्या एखाद्या तिळाकडे बघत शॉट चालवायचा. तीळ आणि मास्क यांच्यातलं अंतर बदलत असेल तर ट्रॅक घसरतोय. दुसरं, अंतिम फाइल काढून ती फोनवर बघायची. एच.२६४ मध्ये कमी बिटरेटला सगळ्यात आधी बारीक पोतच जातो, म्हणजे तुम्ही जेवढं मऊ केलंय त्याहून ते आणखी मऊ होऊन लोकांपर्यंत पोहोचतं. आम्ही आधी ऐंशी टक्के वजा केलं होतं, फोनवर बघून साठवर आलो.

दुसऱ्यांदा आजींकडे गेलो तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, आधी कपाळ बघितलं, मग हनुवटी. गालाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. नंतर शेजारी बसलेल्या नातीने विचारलं, "आजी, फोड?" त्या म्हणाल्या, "कुठला फोड?"