रजईतली हवा

हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या रात्रींचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरू लागला की रजई घेणारा माणूस दुकानात आधी तिचे वजन हाताने अजमावतो. जितकी जड तितकी उबदार, असा हिशेब मनात पक्का असतो. पण रजईच्या आत काय आहे ते मोजून पाहिले तर हा हिशेब टिकत नाही. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब रजईत दोन किलो कापूस भरला आणि ती चार सेंटीमीटर फुगली, तर तिचे आकारमान सुमारे १३० लिटर होते. कापसाचा तंतू पाण्याच्या दीडपट घन असतो, म्हणजे दोन किलो कापसाचे प्रत्यक्ष तंतू जेमतेम १.३ लिटर जागा घेतात. उरलेली जवळजवळ ९९ टक्के जागा हवेची. आपण पैसे कापसाचे मोजतो आणि पांघरतो मात्र हवा. स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते, तंतूतून तिच्यापेक्षा कित्येक पट वेगाने. मग कापूस हवाच कशाला? कारण मोकळी हवा स्थिर राहत नाही. अंगाजवळची तापलेली हवा वर सरकते, तिच्या जागी गार हवा येते आणि ऊब वाहून जाते. तंतूंच्या गुंत्यात हवेला असे फिरायला वाव नसतो, आणि अंगातून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णताही हे तंतू वाटेत अडवतात.

यावर कोणी म्हणेल, दोन जाड चादरी घेतल्या तर जास्त ऊब मिळतेच ना? मिळते, पण तिचा बराच वाटा दोन चादरींच्या मध्ये अडकलेल्या हवेचा असतो. आजीच्या गोधडीतही जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवेचे पातळ पदर असतात. गोधडी जड लागते ती कापड जास्त आणि हवा कमी असल्यामुळे. शहराची ओळख असलेल्या हिमरूमध्ये हे फार सुंदर दिसते. त्याचे उभे धागे सुती असतात आणि नक्षी रेशमी आडव्या धाग्यांची. नक्षीत न आलेले धागे शालीच्या उलट्या बाजूला सैल तरंगत राहतात. शाल उलटी करून त्या बाजूवरून बोट फिरवले की ते मऊ, सुटे आवरण जाणवते. तेवढ्या सुट्या धाग्यांमुळे अंगालगत हवेचा एक पदर तयार होतो आणि शाल जाड न होताही अधिक उबदार होते.

आता तीच रजई वर्षभर माळ्यावर, पेट्यांच्या खाली दबून राहिली असे समजा. चार सेंटीमीटरची जाडी एकावर आली. कापूस तेवढाच, दोन किलो. वजनकाटा काहीही फरक दाखवणार नाही. हवा मात्र सुमारे १२९ लिटरवरून ३१ लिटरवर आली आणि उष्णतेला ओलांडायचे अंतर चौथ्या हिश्श्यावर आले, म्हणून रजईची रोखण्याची ताकदही साधारण चौथाईच उरली. अंगाखालच्या गादीचेही हेच होते. रात्रभर शरीराच्या भाराने कापूस चपटा होतो आणि फरशीचा गारवा पाठीला लागतो. टाक्यांच्या ओळीतही जाडी जवळजवळ नाहीशी होते, पण टाके काढून टाकावेत तर कापूस एका कोपऱ्यात सरकतो आणि उरलेली रजई रिकामी पडते. रजई उजेडासमोर धरली की गाठी गडद आणि पातळ जागा उजळ दिसतात. तळहाताने दाबून सोडल्यावर ती वर आली नाही तर तिचा कापूस बसला आहे. पिंजाऱ्याचे काम इथेच लागते. तो तातीच्या कंपनाने गुंतलेले पुंजके फोडतो, तंतू सुटे करतो आणि त्याच कापसात पुन्हा हवा भरतो.

ओलावा दोन वाटांनी घात करतो. पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते, आणि ओले तंतू एकमेकांना चिकटून खाली बसल्याने हवेची जागाही जाते. शिवाय ते पाणी वाळवण्याचा भार झोपलेल्या माणसावर पडतो. रजईत २०० ग्रॅम पाणी मुरले असेल, तर ते वाफेत बदलायला झोपेतल्या शरीराची सुमारे दीड तासाची सगळी उष्णता लागेल. पावसाळी हवेतून कापूस न भिजताही बरेच पाणी शोषतो, त्यामुळे रजई हाताला कोरडी लागते आणि पांघरल्यावर मात्र गार वाटते. दिवाळीच्या सुमारास उन्हात घालण्याआधी आणि दुपार ढळल्यावर ती वजन करून पाहिली, तर उतरलेले वजन म्हणजे बाहेर गेलेले पाणी. ऊन पाणी काढते, पण गाठी सोडवू शकत नाही.

मेंढपाळाची घोंगडी पावसातही चालते, मग ओलाव्याचा दोष कुठे राहिला, असा प्रश्न येतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि पिळदार असते. ओली झाली तरी तिचे तंतू कापसासारखे लोळागोळा होत नाहीत, म्हणून मधल्या पोकळ्या बऱ्याच अंशी टिकतात. वाफ शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते, पण ती काही काळच, शोषण थांबेपर्यंत. पूर्ण चिंब भिजल्यावर पाणी पोकळ्यांतच साचते, आणि मग घोंगडीचाही गारवा पाठीला लागतो.