सहा हजारांत साबणाची जाहिरात : छोट्या रीलवाल्यांबरोबर काम करताना हिशोब कसा ठेवायचा?

बचत गटाने साबण बनवला, वेष्टन छापलं, प्रदर्शनात शंभर-दीडशे वड्या विकल्या. पुढे काय? दुकानदार नवीन नावाचा माल ठेवायला तयार होत नाही आणि मोठी जाहिरात परवडत नाही. अशा वेळी इन्स्टाग्रामवर रील टाकणाऱ्या जवळपासच्या लोकांकडून साबण दाखवून घेता येतो. दहा हजार ते लाखभर फॉलोअर असलेल्यांना साधारणपणे मायक्रो इन्फ्लुएन्सर म्हणतात, त्याखालच्यांना नॅनो. थोड्या पैशात काम करणारे बहुतेक याच दोन गटांत सापडतात. पण गटाचे पैसे इथे बुडतातही लवकर. म्हणून एक उदाहरण धरून पूर्ण हिशोब पाहू.

आधी परवाना

साबण, उटणं, क्रीम हे सगळं कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतं. विक्रीसाठी बनवायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वतःचं युनिट उभं करणं जमत नसेल तर परवाना असलेल्या युनिटमध्ये रीतसर माल बनवून घेता येतो. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, वजन, किंमत आणि वापरण्याची मुदत पाहिजे. हे नसताना रील चालली तर ऑर्डरीच्या आधी तक्रार यायची.

एका ऑर्डरमागे उरतं किती?

समजा, कोरफड आणि खोबरेल तेलाच्या तीन साबणांचा संच घरपोच ३३० रुपयांना आहे. सामान, वेष्टन आणि खोका मिळून खर्च १२० रुपये, कुरिअर ६० रुपये. रील पाहून येणाऱ्याला दहा टक्के सूट दिली की हातात २९७ रुपये येतात. त्यातून १८० वजा केले की उरतात ११७ रुपये. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर घ्यायचे.

रीलवाल्याला एक संच पाठवायचा खर्च १८० रुपये. वर एक हजार मानधन दिलं तर ११८०. ते वसूल व्हायला ११ ऑर्डरी लागतात. फक्त संच देऊन काम झालं तर दोन ऑर्डरीत पैसे सुटतात. एकाच साबणाची वडी कुरिअरने पाठवायच्या भानगडीत पडू नये, कारण कुरिअरचा खर्च तेवढाच राहतो आणि नफा त्यातच जातो.

माणूस कसा निवडायचा?

फॉलोअरचा आकडा शेवटी बघायचा, आधी कमेंट वाचायच्या. ‘ताई, हा ब्लाउज कुठे शिवला?’, ‘भाव काय?’ असे प्रश्न येत असतील आणि ती व्यक्ती उत्तरं देत असेल, तर तिच्या शब्दाला तिथे किंमत आहे. सगळीकडे नुसते बदाम आणि ‘नाइस’ असेल, वीस हजार फॉलोअर असून कमेंट तीनच असतील, तर फॉलोअर विकत घेतलेले असू शकतात.

बोलणी करताना इनसाइट्सचं पान मागायचं. कोणत्या शहरांतले लोक बघतात, बायका किती, वय काय, हे त्यात दिसतं. स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करता येतो, म्हणून मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवायला सांगावं. बघणारे राज्याबाहेरचे निघाले तर मराठी रीलचा उपयोग नाही.

काय ठरवून घ्यायचं?

व्हॉट्सॲपवर लिहूनच ठरवावं. एक रील, दोन स्टोरी, टाकायची तारीख, तीन महिने रील काढायची नाही आणि तीच रील गटाला स्वतःच्या पानावर वापरायची परवानगी. मानधन अर्धं आधी, अर्धं रील टाकल्यावर.

साबण किमान १५ दिवस आधी पाठवावा. आधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायला सांगावं. खाज किंवा पुरळ आलं तर रील करायची नाही, हेही आधीच सांगून ठेवावं. बोलायचे शब्द मात्र पाठ करायला देऊ नयेत. न वापरता बोललेलं बघणाऱ्याला लगेच कळतं.

काय बोलायचं नाही?

‘सात दिवसांत गोरेपणा’, ‘पिंपल्स बरे होतात’, ‘डाग जातात’ असे दावे टाळायचे. सौंदर्यप्रसाधन हे औषध नाही, त्यामुळे आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. ‘केमिकलमुक्त’ हा शब्दही नको. तेलापासून साबणाची वडी बनवताना कॉस्टिक सोडा लागतोच, मग केमिकल नाही असं म्हणायचं कसं? वास, फेस, त्वचा ओढल्यासारखी वाटते की नाही, त्यात काय घातलंय, एवढं सांगितलं तरी भरपूर झालं.

ही जाहिरात आहे, हे रीलमध्ये सुरुवातीलाच दिसलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ पासून हा नियम केला आहे आणि केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. पैसे न देता नुसता साबण फुकट दिला तरी तो मोबदलाच धरतात. रीलवर मराठीत ‘जाहिरात’ लिहावं आणि इन्स्टाग्रामचं ‘Paid partnership’ लेबल लावावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. तो माल बनवणाऱ्यालाही होऊ शकतो आणि शिफारस करणाऱ्यालाही.

प्रत्येकाला वेगळा कोड

ऑर्डर नक्की कोणामुळे आली, हे कळण्यासाठी प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचा, उदाहरणार्थ LAGNA10 किंवा GHAR10. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर कोड सांगितला की सूट द्यायची आणि वहीत नोंद करायची. पैसे यूपीआयने आधीच घ्यावेत. परत आलेल्या पार्सलचं दोन्ही बाजूंचं कुरिअर गटाच्याच अंगावर पडतं.

आता समजा, सहा हजारांपैकी ३,९०० रुपये पाच जणांवर लावले. तिघांना संच आणि हजार-हजार रुपये, दोघींना फक्त संच. महिनाभराने वही उघडली.

• विनोदी रीलवाला, २२ हजार फॉलोअर, ४० हजार व्ह्यूज : ऑर्डरी ३, तोटा ८२९ रुपये.
• नवरीचा मेकअप करणारी ताई, ४,२०० फॉलोअर, ६ हजार व्ह्यूज : ऑर्डरी १७, नफा ८०९ रुपये.
• स्वयंपाकाच्या रील करणारी गृहिणी : ऑर्डरी ९, तोटा १२७ रुपये.
• कॉलेजची मुलगी, फक्त संच : ऑर्डरी ४, नफा २८८ रुपये.
• पाचवीने रील टाकलीच नाही : तोटा १८० रुपये.

एकूण ३३ ऑर्डरी आल्या आणि ३९ रुपये तोटा झाला, म्हणजे जवळपास बरोबरी. पण कोणाकडे परत जायचं ते कळलं. सर्वात जास्त व्ह्यूज मिळालेला माणूस सर्वात मोठ्या तोट्यात निघाला, कारण त्याची रील लोक हसायला बघतात. मेकअपवाल्या ताईकडे बायका त्वचेबद्दल विचारायलाच येतात. म्हणून उरलेले २,१०० रुपये त्या ताईवर आणि कॉलेजच्या मुलीवर लावायचे, नवीन सहावा माणूस शोधायचा नाही.

खरी परीक्षा त्यानंतर आहे. साबण दीड-दोन महिन्यांत संपतो. तेव्हा त्या ३३ घरांना व्हॉट्सॲपवर एकच साधा निरोप पाठवावा. दुसऱ्यांदा घेणाऱ्याला सूट द्यावी लागत नाही, रीलवाल्याचा खर्चही नसतो, त्यामुळे संचामागे पूर्ण १५० रुपये उरतात. ३३ पैकी आठ-दहा जणांनीही परत मागवला नाही, तर पुढच्या रीलवर पैसे घालू नयेत. त्या घरांना फोन करून साबणात काय कमी पडलं ते आधी विचारावं.