वीज गेली, मीटिंग हुकली

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनामुळे घरून काम करणाऱ्यांच्या मीटिंगा बुडाल्या, पण त्या दिवशी कुणाला कारण द्यावं लागलं नाही. बातमीच होती ती.

फक्त आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळतो, तेव्हा मात्र पुण्यात बसलेल्या सहकाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. त्याला दिसते ती आपली रिकामी खुर्ची. संध्याकाळी ‘वीज नव्हती’ एवढंच लिहिलं, तर त्याच्या मनात प्रश्न येणारच: लॅपटॉपला बॅटरी असते, मोबाइल हातात असतो, मग साधा मेसेज का नाही?

खरं तर वीज गेली की घरातला राउटर लगेच बंद पडतो. त्याला इन्व्हर्टर असला, तरी केबलवाल्याची इमारतीतली पेटी बंद असू शकते. मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो. तोवर सगळा परिसर त्याच्यावरच तुटून पडलेला असतो, आणि पुढे रेंजही जाते. हे सगळं पत्रात सांगत बसू नये. एक वाक्य पुरतं, ते असं:

विषय: आजची ११ ची मीटिंग हुकली, क्षमस्व

स्मिता,
आज ११ च्या मीटिंगला येऊ शकलो नाही, माफ कर. इथली वीज साडेनऊला गेली ती सव्वादोनला आली. पावणेअकराला लॅपटॉप बंद पडला आणि फोनलाही रेंज नव्हती, म्हणून कळवता आलं नाही.
जूनच्या ऑर्डरींचे आकडे सोबत जोडले आहेत. नागपूरचे तेवढे बाकी आहेत, ते उद्या बारापर्यंत पाठवतो. माझ्यावर काही काम आलं असेल तर सांग. उद्या चारनंतर फोन करू का?
निखिल

माफी पहिल्याच ओळीत आटोपली आहे आणि अर्धं पत्र कामाचं आहे. स्मिताला मीटिंगमध्ये अडलं होतं ते आकड्यांवाचून. वीज मंडळाच्या कारभारावरची टीका तिच्या काय कामाची? वरिष्ठांना लिहिताना ‘माफ कर’च्या जागी ‘क्षमा करावी’ येईल, बाकी मजकूर तोच.

रेंज नव्हती हे खरं असेल तरच लिहावं. व्हॉट्सॲपवर आपण साडेदहाला दिसलेले असतो, आणि लोक ते बघतात. फोन चालू असूनही कळवायचं राहिलं असेल, तर ‘तेव्हाच कळवायला हवं होतं’ असं सरळ लिहिलेलं बरं. रेंज नसतानाही मेल लिहून ‘पाठवा’ दाबता येतो. तो आउटबॉक्समध्ये थांबतो आणि नेटवर्क आल्यावर निघतो.

दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा एसएमएस आदल्या दिवशीच आला असेल, तर हे पत्र चालणार नाही. तेव्हा आदल्या संध्याकाळीच मीटिंगची वेळ बदलून मागायची.