चेक-इनच्या वेळी वरची खोली: कोणाला विचारावे, कसे विचारावे

हॉटेलात आलेल्या पाहुण्याला जादा पैसे घेऊन अधिक चांगली खोली देऊ करणे, याला हॉटेल व्यवसायात ‘अपसेल’ म्हणतात. त्याची तयारी सकाळीच होते. रिसेप्शनचे कर्मचारी त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी आणि वरच्या वर्गातल्या रिकाम्या खोल्या समोर ठेवतात. रात्र सरली की रिकाम्या खोलीचे त्या दिवसाचे भाडे बुडते, म्हणून ती ठरलेल्या दरापेक्षा कमीत दिली तरी हॉटेलचा फायदाच होतो.

यादीतल्या प्रत्येकाला विचारायचे नसते. दोन-तीन रात्री राहणारी जोडपी, लहान मुले असलेली कुटुंबे, वाढदिवसासाठी आलेले पाहुणे यांना मोठ्या खोलीचा किंवा बाल्कनीचा उपयोग असतो. रात्री अकराला येऊन पहाटे निघणाऱ्याला समुद्राच्या दृश्याचा काय उपयोग? कंपनीच्या खर्चाने आलेल्याला बहुधा दर वाढवायची मुभा नसते. सदस्यत्वामुळे ज्याला वरची खोली मोफत मिळायची आहे, त्याच्याकडे पैसे मागितले तर तो दुखावतो.

गोव्यातल्या समुद्रकाठच्या हॉटेलचे उदाहरण घेऊ. एका जोडप्याने बागेकडची खोली रात्रीला ६,००० रुपयांनी तीन रात्रींसाठी घेतली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. समुद्राकडच्या खोलीसाठी १,४०० रुपये जादा घेतले, तर दर ७,४०० होतो आणि पाहुण्याला करासह रात्रीला १,४७० रुपये जास्त पडतात. १,८०० घेतले, तर दर ७,८०० होऊन कर १८ टक्क्यांवर जातो आणि पाहुण्याला २,९०४ रुपये जास्त मोजावे लागतात. हॉटेलला मिळतात फक्त ४०० रुपये अधिक. म्हणून रक्कम करासह काढूनच बोलावे.

विचारताना ओळखपत्राचे काम आटोपल्यावर, सावकाश सांगावे: “तुमची बागेकडची खोली तयार आहे. तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीची, समुद्राकडची एक खोलीही आज मोकळी आहे. रात्रीला करासह १,४७० रुपये जादा, तीन रात्रींचे ४,४१०. ती द्यायची का?” एवढे बोलून थांबावे. बुक केलेल्या खोलीला नावे ठेवू नयेत, कारण पाहुण्याने नकार दिला तर त्याला त्याच खोलीत राहायचे असते. “शेवटचीच खोली आहे” हे खरे असेल तरच म्हणावे. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारू नये.

होकार मिळाला, तरी खोली स्वच्छ होऊन तयार असल्याची हाऊसकीपिंगकडून खात्री करावी. मग नवा दर रजिस्ट्रेशन कार्डावर लिहून त्यावर पाहुण्याची सही घ्यावी. ही सही राहिली, की चेक-आउटच्या वेळी बिलावरून वाद होतात. असे वाद वारंवार होऊ लागले, तर रिसेप्शनवर रक्कम नीट सांगितली जात नाही, असे समजावे.