पहिला कोण, टिकला कोण? – लुना, कायनेटिक होंडा आणि रोवणीचं यंत्र

(मोहाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

व्याख्यान सुरू होण्याआधी इथल्याच एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, आमच्या भागात भाताची रोवणी करणारं यंत्र भाड्याने द्यायचा विचार आहे. कर्ज काढावं लागेल. सगळ्यांच्या आधी घेऊ, की दुसऱ्याने घेतल्यावर बघू?" आजचा विषय नेमका हाच आहे. बाजारात पहिलं उतरण्याचा फायदा मोठा, की पहिल्याचं बघून झटपट मागून येण्याचा? पुस्तकातली व्याख्या सांगण्यापेक्षा तुमच्या घरासमोर कधीतरी उभी राहिलेली गाडी घेऊया. लुना.

१९७२ साली फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या 'चाओ' मोपेडवर ती बेतलेली होती. त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. सायकल आणि स्कूटर यांच्या मध्ये मोठी मोकळी जागा होती, ती लुनाने भरली. नाव इतकं रुजलं की कुठल्याही मोपेडला लोक लुनाच म्हणू लागले. पहिल्याला हा फायदा मिळतोच, वस्तूचं नाव त्याच्या नावावर होतं.

पण सुरुवातीची लुना एकट्याची गाडी होती. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे गाडीवर एकटा माणूस किती वेळा दिसतो? मागे बायको असते, पोरगं असतं, नाहीतर तांदळाचं पोतं असतं. १९८० साली टीव्हीएस ५० आली, ती दोघांना बसता येईल अशी. मोपेड म्हणजे काय हे ग्राहकाला शिकवायचा खर्च टीव्हीएसला फारसा करावा लागला नाही, तो लुनाने आधीच केला होता. टीव्हीएसने फक्त उणीव हेरली. त्याच घराण्यातली एक्सएल आजही गावोगावी ओझं वाहते. लुनानेही पुढे दोघांची मॉडेलं काढली, पण 'दणकट, ओझ्याची गाडी' ही ओळख दुसऱ्याकडे गेली ती गेलीच.

आता त्याच घराण्याची दुसरी गोष्ट. ही जास्त बोचरी आहे.

१९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा आली. गिअर नाही आणि बटण दाबलं की सुरू. त्या वेळी आपल्याकडे स्कूटर म्हणजे किक मारायची, डाव्या हाताने क्लच दाबत मूठ फिरवून गिअर टाकायचा. इथे पट्टा आणि पुलीच वेगाप्रमाणे स्वतःला जुळवून घेत. ज्या बाईला किक आणि गिअरच्या धास्तीने स्कूटर नको वाटायची, तिच्यासाठी दार उघडलं.

मग ही गाडी घराघरात का पोचली नाही? दोन कारणं ठळक आहेत. एक म्हणजे तिचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. अशा इंजिनात थोडं पेट्रोल न जळताच धुरासोबत बाहेर जातं, त्यामुळे ॲव्हरेज कमी आणि धूर जास्त. नव्वदच्या दशकात धुराचे नियम कडक होत गेले आणि लोकांचं लक्ष चांगलं ॲव्हरेज देणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलींकडे गेलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गाडीतली मुख्य विद्या कायनेटिकची नव्हती, भागीदाराची होती.

१९९८ मध्ये ही भागीदारी संपली, होंडाने आपला हिस्सा कायनेटिकला विकला. १९९९ मध्ये होंडाने भारतात स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि २००१ च्या सुमारास ॲक्टिव्हा आली. तीच बिनगिअरची कल्पना, तेच बटण, पण इंजिन फोर-स्ट्रोक. शिवाय हिरोसोबतच्या करारामुळे होंडाला काही वर्षं स्वतःच्या नावाने मोटरसायकल काढता येत नव्हती, म्हणून सगळी ताकद स्कूटरवरच लागली. बिनगिअरची गाडी 'खरी' असते, बाईमाणसाने ती चालवण्यात काही वावगं नाही, हे समजावण्यात कायनेटिकची पंधरा-सोळा वर्षं गेली होती. ते पीक ॲक्टिव्हाने कापलं. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला.

इथे लगेच "म्हणजे मागून आलेलाच जिंकतो" असं लिहून घेऊ नका. जेरार्ड टेलिस आणि पीटर गोल्डर या दोन अभ्यासकांनी १९९३ मध्ये एक चूक दाखवून दिली. आज जिवंत असलेल्या कंपन्यांनाच विचारलं, तर बुडालेले पहिलटकर मोजलेच जात नाहीत आणि पहिलं असणं उगाच फायद्याचं दिसतं. त्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा जवळपास निम्मे पहिलटकर बुडालेले आढळले. पण मागून येऊन बुडालेलेही असतातच, त्यांचीही आठवण कोणी ठेवत नाही. म्हणून प्रश्न पहिला की दुसरा असा नाही. प्रश्न असा आहे, की पहिल्याने खर्च करून जे उभं केलं, त्यातलं दुसऱ्याला फुकट काय मिळतं आणि पहिल्याच्या हातात काय उरतं?

हीच कसोटी आता त्या तरुणाच्या यंत्राला लावू.

रोवणीच्या यंत्राला आपले नेहमीचे पऱ्हे चालत नाहीत. त्याला चटईसारखी रोपं लागतात, पातळ थरात दाट पेरलेली, साधारण पंधरा ते वीस दिवसांची, गालिच्यासारखी गुंडाळून नेता येणारी. बांधी सपाट हवी, चिखल थोडा बसलेला हवा, पाणी अगदी कमी हवं. पाणी जास्त झालं की रोपं तरंगतात, आणि शेतकरी म्हणतो, "यंत्र बेकार आहे." दोष बांधीचा, बदनामी यंत्राची.

समजा, तुम्ही पहिले आलात. पहिला हंगाम चटई कशी करायची हे शिकवण्यात जाईल. काही बांध्या बिघडतील, तिथे मजुरी लावून जागा भराव्या लागतील. दुसऱ्या वर्षी लोकांचा विश्वास बसेल. तिसऱ्या वर्षी कोणीतरी नवीन यंत्र घेऊन एकरी शंभर रुपये कमी सांगेल, आणि तुमचा शिकलेला शेतकरी त्याच्याकडे जाईल. यंत्र तर शोरूममध्ये कोणालाही मिळतं. म्हणजे फक्त यंत्र घेऊन पहिले आलात, तर तुमची कायनेटिक होंडा होईल.

पण चटईची रोपवाटिका तुमची असेल तर? बियाणं शेतकऱ्याचं, रोपं तुम्ही वाढवणार, आणि पेरणीच्या वेळीच रोवणीची तारीख ठरणार. आता मागून येणाऱ्याकडे यंत्र असेल, पण त्या आठवड्यात लावायला तयार रोपं नसतील. शिवाय कोणाची बांधी किती खोल, कुठे यंत्र फसतं, ही तुमची वही त्याच्याकडे नसेल. हे हातात उरतं.

म्हणून बाळा, माझं उत्तर असं. रोपवाटिकेला जागा, पाणी आणि दोन माणसं असतील तर पहिला उतर, आणि पहिल्या वर्षी शक्य झालं तर यंत्र भाड्याने आण. कर्ज दुसऱ्या हंगामाचं बुकिंग बघून काढ. रोपवाटिका जमणार नसेल, तर दुसऱ्याला एक हंगाम करू दे. त्याच्या कोणत्या बांध्या बिघडल्या हे धुऱ्यावर उभं राहून बघ, लिहून ठेव आणि मग ये.

जाता जाता एक सांगतो. २०२४ मध्ये कायनेटिकच्याच घरातून लुना पुन्हा आली, विजेवर चालणारी. नाव अजून लोकांच्या तोंडात आहे, हा पहिलेपणाचा उरलेला ठेवा. पण या वेळी विजेच्या गाड्यांच्या बाजारात ते पहिले नाहीत, मागून आलेत. पुढे काय होतं ते आपण रस्त्यावर बघूच.

आता प्रश्न विचारा.